दहा मुलांचे साडेपाच गुण

कृतिसंशोधनाचा अहवाल हातात आला की मी आधी मागची पानं उघडतो. तिथे एक लहानशी सारणी असते: पूर्वचाचणीचं मध्यमान, उत्तरचाचणीचं मध्यमान, फरक आणि टी-मूल्य. खाली एक ठरलेलं वाक्य असतं, ‘सदर उपक्रमामुळे विद्यार्थ्यांच्या संपादनात लक्षणीय वाढ झाली.’ जालन्याच्या जिल्हा परिषद शाळांतले शिक्षक असोत की बी.एड.चे विद्यार्थी, साचा एकच. चाचणी घ्यायची, सगळ्यांत कमी गुण मिळालेली दहा-बारा मुलं वेगळी काढायची, सहा आठवडे त्यांच्यासाठी काहीतरी खास करायचं आणि पुन्हा चाचणी घ्यायची. गुण वाढतातच. वाढले नाहीत असा अहवाल माझ्या पाहण्यात जवळपास नाही, आणि खरं सांगायचं तर या गोष्टीनेच मला आधी खटकलं. भाषा पेटी, शब्दचक्र, गोष्टींची पुस्तकं, बागेतला फळा असे एकमेकांशी संबंध नसलेले उपक्रम आणि प्रत्येकाला हमखास यश?

यंदा तुम्ही असा उपक्रम करणार असाल, किंवा केलेला अहवाल कपाटात असेल, तर त्या सारणीतला किती भाग तुमच्या कष्टाचा आणि किती भाग नुसत्या निवडीचा, हे वेगळं कसं करायचं ते इथे सांगतो. आकडे मी हिशेब सोपा व्हावा म्हणून स्वतः बसवले आहेत. रीत मात्र रोजच्या अहवालांतलीच आहे.

समजा, पाचवीच्या ‘अ’ तुकडीत 40 मुलं आहेत. मराठी वाचन-आकलनाची 50 गुणांची चाचणी झाली आणि वर्गाचं मध्यमान आलं 25. गुरुजींनी तळाची दहा मुलं निवडली. त्यांचं मध्यमान 15. सहा आठवडे रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास वाचन घेतलं. उत्तरचाचणीत त्याच दहा मुलांचं मध्यमान आलं 20.5. साडेपाच गुणांची वाढ.

आता त्या दहांतली एखादी मुलगी जवळून पाहू. पहिल्या चाचणीच्या दिवशी ती आदल्या रात्री मामाच्या गावाहून परतली होती, डबा आणला नव्हता, आणि उताऱ्यात ‘दीपगृह’ हा शब्द होता. दीपगृह म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या पोरीला कुठून कळणार? उताऱ्यावरचे पाचही प्रश्न गेले. तिला 14 गुण पडले. तिची एरवीची कुवत 19-20 गुणांची होती. म्हणजे त्या दिवशीचे गुण म्हणजे तिची कुवत वजा त्या दिवसाचं दुर्दैव. दुसऱ्या चाचणीच्या दिवशी पोट भरलेलं होतं आणि उतारा आठवडी बाजारावर होता. तिला 20 मिळाले. ती सहा गुणांनी ‘सुधारली’, पण मधल्या सहा आठवड्यांत काही घडलं नसतं तरी ती बहुतेक तिथेच पोहोचली असती.

तुम्ही म्हणाल, दुर्दैव असतं तसं सुदैवही असतं, सरासरीत ते एकमेकांना खाऊन टाकतं. सगळ्या वर्गाची सरासरी घेतलीत तर खाऊन टाकतंच. पण तुम्ही सगळा वर्ग घेतला नाही, तुम्ही तळ निवडला. तळाशी दोन तऱ्हेची मुलं जमतात: खरोखर मागे असलेली, आणि त्या दिवशी घसरलेली. त्याच दिवशी नशिबाने वर गेलेलं कमकुवत मूल तुमच्या दहांत आलंच नाही, ते अकराव्या-बाराव्या जागेवर बसून सुटलं. म्हणून निवडलेल्या गटात दुर्दैव सुदैवापेक्षा जास्त भरलेलं असतं. पुढच्या चाचणीला ते दुर्दैव त्याच मुलांना पुन्हा चिकटत नाही, आणि गट मध्यमानाकडे सरकतो. याला सरासरीकडे परतणं म्हणतात. पुस्तकी शब्द मध्यमानाकडे प्रतिगमन किंवा समाश्रयण.

फ्रान्सिस गाल्टनने 1886 साली 205 कुटुंबांतल्या 928 प्रौढ मुलांच्या उंचीवर लिहिताना ही गोष्ट मांडली. फार उंच आईबापांची मुलं उंच असतात, पण सरासरीने आईबापांइतकी नाहीत; ठेंगण्यांची मुलं ठेंगणी, पण तितकी नाहीत. तिथे कुणी कुणाला शिकवत नव्हतं की औषध देत नव्हतं. दोन मोजमापांत संबंध असला पण पूर्ण नसला, की टोकाला निवडलेला गट दुसऱ्या मोजमापात आत येतो, एवढंच.

पटत नसेल तर केंद्राच्या शिक्षण परिषदेत एक खेळ करा. मी हा दोन-तीनदा केला आहे आणि दर वेळी हशा होतो. तीस शिक्षकांनी प्रत्येकी वीस वेळा नाणं उडवायचं. छापा पडला तर बरोबर, काटा पडला तर चूक. प्रत्येकाचे 20 पैकी गुण लिहायचे. सरासरी दहाच्या आसपास येते. सगळ्यांत कमी गुणांचे सहा जण पुढे बोलवायचे. त्यांचं मध्यमान बहुधा सातच्या आगेमागे असतं. त्यांना एकेक मोसंबी सोलून द्यायची, जालन्यात मोसंबीला तोटा नाही. मग पुन्हा नाणं उडवायला सांगायचं. मध्यमान दहाच्या जवळ येतं. मोसंबीने नाणेफेकीत तीन गुणांची वाढ झाली! सर्वांत जास्त गुण मिळालेल्या सहांना बाहेर उन्हात उभं करून परत उडवायला लावलं तर ते तेराच्या आसपासवरून दहाकडे घसरतात, आणि उन्हाने बुद्धी मंदावते हेही सिद्ध होतं. नाणेफेकीत कुवत काहीच नसते, म्हणून परतणं पूर्ण असतं. चाचणीत कुवत असते, म्हणून परतणं अर्धवट असतं. फरक एवढाच.

‘अर्धवट’ म्हणजे किती, हे सहसंबंध गुणकावरून ठरतं. सगळ्या वर्गाच्या, मध्ये कुठलाही उपक्रम न घेता घेतलेल्या दोन चाचण्यांचा गुणक काढा. मुलांची नावं अ रकान्यात, पहिली चाचणी ब रकान्यात आणि दुसरी क रकान्यात भरली असेल (पडद्यावर ते A, B आणि C असे दिसतात), तर एक्सेलमध्ये एवढंच लिहायचं:

```
=CORREL(B2:B41,C2:C41)
```

समजा उत्तर आलं 0.7. याचा अर्थ, मध्यमानापासूनचं जेवढं अंतर पहिल्या चाचणीत दिसलं, त्यातलं सरासरी सत्तर टक्केच दुसऱ्या चाचणीत उरतं. दोन्ही चाचण्यांत गुणांचा पसारा साधारण सारखा असेल तर हा हिशेब चालतो. आपली दहा मुलं मध्यमानापेक्षा 10 गुणांनी खाली होती. त्यांतले 7 उरतील. 25 मधून 7 गेले, 18 राहिले. म्हणजे काहीही न करता ती मुलं 15 वरून 18 वर यायला हवीत. तीन गुण इथेच गेले.

शिवाय सहा आठवड्यांत सगळा वर्ग नेहमीच्या तासांतही काही शिकतोच. समजा ‘ब’ तुकडीत खास उपक्रम नव्हता आणि तिचं मध्यमान 25 वरून 26 झालं. हा एक गुण सगळ्यांचाच. 18 अधिक 1, झाले 19. आपल्या दहांना मिळाले 20.5. साडेपाच गुणांच्या वाढीतला उपक्रमाच्या वाट्याला आलेला हिस्सा दीड गुण.

तो दीड गुणही घट्ट नाही. गुणक 0.7 ऐवजी 0.6 निघाला असता तर काही न करता अपेक्षित मध्यमान 20 आलं असतं आणि उपक्रमासाठी अर्धा गुण उरला असता. 0.8 निघाला असता तर अडीच. लहान, घाईत काढलेल्या, अंदाजाने खुणा करता येणाऱ्या बहुपर्यायी चाचण्यांचा गुणक कमीच असतो. म्हणजे चाचणी जितकी कच्ची, तितका उपक्रम यशस्वी दिसतो. या वाक्यावर जरा थांबा, कारण आपल्या बहुतेक पूर्वचाचण्या दहा प्रश्नांच्या आणि आदल्या रात्री काढलेल्या असतात.

मग टी-मूल्याचं काय? ‘0.05 सार्थकता स्तरावर शून्य परिकल्पनेचा त्याग’ केला होता ना? आपल्या उदाहरणात दहा मुलांच्या गुणवाढीचं प्रमाण विचलन 5.5 धरलं, तर टी-मूल्य 3.16 येतं. स्वाधीनता मात्रा 9 साठी सारणीतलं मूल्य 2.26. परिकल्पनेचा त्याग होतोच. पण टी-परीक्षा विचारते एवढंच, की ही वाढ शून्यापेक्षा खरंच जास्त आहे का. उत्तर ‘आहे’, आणि ते बरोबर आहे. वाढ कशामुळे झाली हा प्रश्न तिला कुणी विचारलेलाच नाही. तीन गुणांचं परतणं हीसुद्धा खरीच वाढ आहे. मुलं जास्त घेतलीत, दहाऐवजी शंभर, तर टी-मूल्य आणखी फुगेल आणि चूक तशीच राहील. माझ्या मते आपल्या संशोधनाच्या पुस्तकांत टी-मूल्याला दिलेल्या जागेतली निम्मी या एका गोष्टीला द्यायला हवी होती.

आणखी एक वाक्य अहवालांत हमखास असतं: ‘उर्वरित विद्यार्थ्यांच्या संपादनात विशेष फरक आढळला नाही, यावरून उपक्रमाची परिणामकारकता स्पष्ट होते.’ त्याच वर्गातली उरलेली 30 मुलं पाहा. दहांचं मध्यमान 15 आणि वर्गाचं 25, तर तिसांचं 28.3 होतं. ती मध्यमानापेक्षा 3.3 ने वर होती, त्यांतलं 2.3 उरणार, म्हणजे ती गुणभर खाली येणार. त्यात नेहमीच्या शिकवण्याचा एक गुण मिळवला की पुन्हा 28.3. तीसही मुलं एकेक गुण शिकली, पण परतण्याने ते झाकून टाकलं. तळाच्या दहांचा आकडा ज्या कारणाने फुगला, त्याच कारणाने या तिसांचा खचला. अशा तुलनेत चूक दोन्ही बाजूंनी एकाच दिशेला जाते. हुशार मुलांसाठी शिष्यवृत्तीचे जादा तास घेणाऱ्या गुरुजींवर मात्र याच हिशेबाने अन्याय होतो. त्यांची निवडलेली मुलं खाली येतात आणि तास वाया गेले असं वाटतं.

मारकुटे मास्तर याच नियमावर पोसले गेले. पेपर वाईट गेला की छडी, आणि पुढचा पेपर बरा. पेपर छान गेला की शाबासकी, आणि पुढचा पेपर जरा कमी. पंचवीस वर्षांच्या नोकरीत अनुभव एकच शिकवतो की छडी लागू पडते आणि शाबासकीने पोरं शेफारतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांना इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांनी अगदी हेच सांगितलं होतं. जमिनीवर खडूने खूण करून त्यांनी प्रशिक्षकांना पाठमोरं उभं राहून दोनदा नाणी फेकायला लावली. पहिल्या फेकीत ज्यांची नाणी खुणेपासून सगळ्यांत दूर पडली, त्यांतल्या बहुतेकांची दुसऱ्यांदा जवळ पडली. कुणी कुणाला ओरडलं नव्हतं.

अहवाल आधीच लिहून झाला असेल तर त्यातल्या आकड्यांवर दोन तपासण्या करता येतात. पहिली, वर्गाच्या वरच्या दहा मुलांचं दोन्ही चाचण्यांतलं मध्यमान काढा. ती खाली आली असतील तर परतणं चालू आहे. दुसरी मला जास्त आवडते: वेळ उलटी फिरवा. ‘ब’ तुकडीत उत्तरचाचणीतली तळाची दहा मुलं निवडा आणि त्यांचे पूर्वचाचणीचे गुण पाहा. उत्तरचाचणीत ती 16 वर असतील, तर पूर्वचाचणीत 18 च्या आसपास सापडतील. म्हणजे उलट दिशेने पाहिलं तर ‘तळाची मुलं’ आधी बरी होती आणि मग घसरली. एकाच तुकडीत तळाची मुलं एकाच काळात चढली आणि घसरली असं दोन्ही दिसत असेल, तर ती चाल मुलांची नाही, निवडीची आहे.

नव्याने करणार असाल तर सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे पूर्वचाचणी दोनदा घेणं. सोमवारी एक, पुढच्या सोमवारी तितक्याच अवघड दुसऱ्या उताऱ्यांची दुसरी, आणि दोन्ही सगळ्या वर्गाला. निवड पहिलीवरून करायची आणि ‘आधीचे गुण’ म्हणून दुसरीचे धरायचे. निवडीत घुसलेलं दुर्दैव पहिल्या चाचणीतच राहून जातं. आपली दहा मुलं दुसऱ्या सोमवारी, एकही जादा तास न घेता, 15 वरून 18 वर आलेली दिसतील. वर सांगितलेला गुणकही याच दोन चाचण्यांतून मिळतो. मोह एकच होतो, दोन्हींची सरासरी काढून त्यावरून निवड करायची आणि तीच सरासरी आधीचे गुण म्हणून वापरायची. तसं केलं की परतणं कमी होतं, जात नाही. आणि सहा आठवड्यांचं अंतर आठवड्यापेक्षा मोठं असल्याने थोडं परतणं मागे शिल्लक राहतंच, तेवढं गृहीत धरा.

खरा उपाय चिठ्ठ्यांचा. दोन्ही तुकड्यांतली तळाची वीस मुलं घ्या, चिठ्ठ्या टाका, दहांना आत्ता जादा तास द्या आणि दहांना सहा आठवड्यांनी. दोन्ही गटांत दुर्दैव सारखंच वाटलं जातं, दोन्ही सारखेच परततात, आणि त्यांच्या उत्तरचाचणीतला फरक उपक्रमाचा. ‘गरजू मुलाला तास नाकारायचा कसा?’ हा आक्षेप मी मानतो, म्हणूनच दुसऱ्या दहांना नंतर द्यायचा. एरवीही एका शिक्षकाला वीस मुलांना एकदम वाचून घेणं जमत नाही. अडचण वेगळीच आहे. दहा-दहा मुलांत चिठ्ठ्यांच्या योगायोगानेच दोन-अडीच गुणांचा फरक पडू शकतो, त्यामुळे दीड गुणाचा परिणाम त्यात दिसणार नाही. केंद्रातल्या आठ-दहा शाळांनी एकच उपक्रम, एकच चाचणी आणि आपापल्या चिठ्ठ्या असं मिळून केलं तरच काही हाती लागतं. शिवाय तारखा नीट निवडा. घनसावंगी, अंबड, मंठा भागात दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुलं पटावरून गायब होतात. पूर्वचाचणीला असलेलं आणि उत्तरचाचणीला नसलेलं मूल कुठल्या गटातलं, हे लिहून ठेवलं नाही तर चिठ्ठ्यांचा उपयोग तिथेच संपतो.

चिठ्ठ्या टाळून जोड्या लावायचा मार्ग सोपा वाटतो, पण तो जास्त धोक्याचा. तांड्यावरच्या शाळेतल्या 15 गुणांच्या मुलाशी जालना शहरातल्या चांगल्या शाळेतलं 15 गुणांचं मूल जोडलं. दोघांचे गुण सारखे, पण परतण्याची ठिकाणं वेगळी. तांड्याच्या शाळेचं मध्यमान 20 असेल तर तिथलं मूल 20 कडे परतेल. शहरातल्या शाळेचं 32 असेल तर तिथलं मूल 32 कडे, म्हणजे बरंच जास्त. उपक्रम चांगला असूनही तो मुलांना मागे ओढतो असं दिसेल. अमेरिकेत गरीब मुलांच्या ‘हेड स्टार्ट’ बालवर्गांचं 1969 सालचं गाजलेलं मूल्यमापन असंच जोड्या लावून केलं होतं, आणि 1970 मध्ये डोनाल्ड कॅम्पबेल व आल्बर्ट एर्लेबाकर यांनी दाखवून दिलं की अशा जोड्यांमुळे कार्यक्रम उगाच निरुपयोगी किंवा हानिकारक दिसू शकतो. म्हणून जोडी लावायचीच तर सारख्या शाळेतली लावा.

शाळेबाहेरही जालन्याला हा प्रकार परका नाही. 2012 च्या दुष्काळात सगळ्यांत जास्त टँकर लागलेली गावं निवडून तिथे नाला खोल केला आणि 2013 च्या पावसाळ्यानंतर विहिरी मोजल्या, तर पाणी वाढलेलं दिसणारच. नाला खोल न केलेल्या गावातही वाढलेलं दिसलं असतं. कडवंचीचं काम मला म्हणूनच वजनदार वाटतं. तिथे 1996 पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रामार्फत पाणी अडवलं गेलं, आणि गावाचं नाव झालं ते चांगल्या पावसाच्या वर्षात पाणी वाढलं म्हणून नव्हे. पुढच्या दुष्काळात, तोच पाऊस पडलेल्या आजूबाजूच्या शिवारांशी ताडून पाहता, तिथल्या द्राक्षबागा शेततळ्यांवर तगल्या म्हणून. त्याच वर्षीचा शेजारी हीच तिथली ‘ब’ तुकडी.

राहिला अहवालातल्या निष्कर्षाच्या वाक्याचा प्रश्न. ‘सदर उपक्रमामुळे लक्षणीय वाढ’ याऐवजी आपल्या उदाहरणात असं लिहिता येईल: ‘निवडलेल्या 10 विद्यार्थ्यांचे मध्यमान 15 वरून 20.5 झाले. दोन पूर्वचाचण्यांतील सहसंबंध 0.7 असल्याने यातील सुमारे 3 गुण निवडीमुळे व 1 गुण नियमित अध्यापनामुळे अपेक्षित होते. उर्वरित सुमारे 1.5 गुण उपक्रमाचा परिणाम असू शकतो. विद्यार्थिसंख्या कमी असल्याने त्याची खात्री देता येत नाही.’ नवोपक्रम स्पर्धेत या वाक्याला बक्षीस मिळेल की नाही, ते परीक्षकावर अवलंबून. मी परीक्षक असतो तर दिलं असतं.